शाल्मली, इर्शाळ आणि कादंबरीतील सृष्टिवर्णन

लोधिवलीच्या आमच्या जुन्या घरात माळ्यावरची ट्रंक उघडली, तेव्हा तीत एक मुखपृष्ठ फाटलेली, वाळवीने कडा खाल्लेली कादंबरी सापडली. पहिली काही पाने गेलेली असल्यामुळे तिचे नाव किंवा ग्रंथकाराचे नाव कळण्यास मार्ग नव्हता. पण माझे लक्ष वेधले ते तिच्या समासांनी. जेथे जेथे चंद्रोदय, उपवन, वसंतऋतु किंवा सरोवर ह्यांचे वर्णन सुरू होई, तेथे तेथे शिसपेनीने एक उभी रेघ ओढलेली होती, आणि वर्णन जेथे संपे तेथे लहानशा, वळणदार अक्षरात लिहिले होते : "येथून गोष्ट." अक्षर माझ्या आत्याचे होते. पुस्तक घरात फिरत असे. मागून वाचणाऱ्या भावंडांचा वेळ वाचावा म्हणून तिने ही सोय करून ठेविली होती.

मी गंमत म्हणून सर्व पुस्तक चाळले. आत्याने एकही वर्णन सोडले नव्हते. अपवाद फक्त एक. नदीला पूर आला आहे, सांज होत आली आहे, पाणी घाटाची एकेक पायरी गिळत चढते आहे, असे जवळजवळ दोन पानांचे ते वर्णन होते. भाषेच्या दृष्टीने ते इतरांहून सरस होते असे नव्हे. त्यातही उपमांची तीच दाटी होती. तरी तेथे रेघ नव्हती. पुढे एकदा मी आत्याला ह्याचे कारण विचारले. ती तांदूळ निवडीत होती. मान वर न करिता म्हणाली, "अरे, त्या नदीपलीकडे तिचं माणूस होतं ना!"

कादंबरीतील सृष्टिवर्णनाविषयी मी वर्गात पुष्कळ वर्षे बोलत आलो आहे, परंतु इतके थोडक्यात मला ते कधी सांगता आले नाही. वर्णन आले की कथा थांबते, हा सामान्य वाचकाचा आक्षेप. आणि वर्णनाने कथेला शोभा येते, हे रसिकाचे त्यावर उत्तर. दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात, ती ही की वर्णन व कथा ह्या दोन वेगळ्या वस्तु आहेत. आत्याला मात्र पुराचे पाणी हे वर्णन वाटलेच नव्हते. ती गोष्टच होती.

हा प्रश्न आपल्या भाषेत जितका जुना आहे तितका तो इतर भाषांत क्वचितच असेल, कारण ज्या शब्दाने आपण ह्या वाङ्मयप्रकाराला ओळखतो तो शब्दच मुळी एका वर्णनप्रचुर ग्रंथाचे नाव आहे. सातव्या शतकात हर्षाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाने आपल्या गद्यकथेस तिच्या नायिकेचे नाव दिले. आणि एकोणिसाव्या शतकात मराठी लेखकांना लांब कल्पित कथेसाठी नाव हवे होते तेव्हा त्यांनी तेच घेतले. नावाबरोबर वर्णनाची हौसही आली. बाणाच्या वाक्यांविषयी तक्रार करण्याची वहिवाट जुनी आहे, आणि ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. विंध्याटवीच्या वर्णनात मीही कित्येकदा वाट चुकलो आहे. परंतु त्याच विंध्याटवीत एक झाड आहे, आणि त्या झाडापाशी थांबण्याजोगे पुष्कळ आहे.

वैशंपायन नावाचा पोपट शूद्रक राजापुढे आपली हकीकत सांगत आहे. तो प्रथम अरण्य सांगतो, मग पंपा सरोवर, आणि मग सरोवराकाठचा एक प्रचंड जुना शाल्मलीवृक्ष, म्हणजे आपली सावर. तिच्या मुळाशी एक म्हातारा अजगर वेटोळे घालून बसलेला असतो. खोड अतिशय जाड आणि उंच. फांद्या आभाळ मोजणाऱ्या. ढोल्यांत, पालवीच्या आड, फांद्यांच्या बेचक्यांत पोपटांची हजारो घरटी. वर्णन लांबत जाते. वाचक मनात म्हणतो, आता पुरे. पण ह्या लांबणीत बाणाने एक लहानशी गोष्ट हळूच ठेवून दिली आहे : ह्या झाडावर चढणे कोणाला शक्य नाही, म्हणून पक्षी येथे निर्धास्त राहतात. थोड्या वेळाने पहाटेच्या प्रहरी शिकाऱ्यांचा कोलाहल उठतो. शबरांची सेना येते व जाते. एक म्हातारा शबर मात्र मागे राहतो. त्याला शिकार मिळालेली नाही. तो झाडाकडे खालून वर पाहतो, आणि शिडी चढावी तितक्या सहज त्यावर चढू लागतो. एकेका ढोलीतून पिलांना फळे तोडावी तशी तोडून, माना मुरगाळून खाली टाकतो. पोपटाचा म्हातारा बाप, ज्याचे पंख झडून गेले आहेत, पिलाला पंखाखाली झाकतो. बाप मारला जातो, आणि पंखाखालचे पिलू त्याच्याबरोबर वाळल्या पानांच्या ढिगावर पडून वाचते. सांगणारा तो हाच.

आता मागे वळून ते वर्णन पाहावे. झाडाचे खोड किती जाड, फांद्या किती उंच, हे जर बाणाने दोन ओळींत आटोपले असते, तर शबराचे चढणे ही एक साधी घटना झाली असती. वाचकाने स्वतः त्या खोडाभोवती फिरून, ती उंची मान मोडेपर्यंत पाहून, येथे भय नाही असा विश्वास बाळगला आहे. म्हणूनच चढणाऱ्याचे पहिले पाऊल त्याच्या छातीवर पडते. आणि आणखी एक गोष्ट. हे वर्णन करणारा कोणी तटस्थ कवि नाही. ज्याचे घर त्या झाडावर होते आणि ते मोडले, तो बोलत आहे. गेलेल्या घराविषयी माणूस बोलू लागला म्हणजे तो आटोपते घेत नाही. परसातला आड, आडावरचा रहाट, रहाटाचा आवाज, सर्व सांगतो. वाचकाला प्रथम जे पाल्हाळ वाटले ते शोक होता, हे त्याला उशीरा कळते. लांबी तीच, पण तिचा अर्थ पालटतो.

आपल्या साहित्यशास्त्राने ह्यासाठी उद्दीपन विभाव असा शब्द दिलेला आहे. चंद्र, मेघ, वारा हे मनातील भाव चेतवितात, असा त्याचा आशय. परंतु ह्या शब्दाचा अर्धा भाग आपण विसरतो. चेतविण्यासाठी आधी ठिणगी असावी लागते. विरहिणीला चंद्र पोळतो, तो ती विरहिणी आहे म्हणून. ज्याच्या पात्राला अद्याप कसलीच ओढ लागलेली नाही, त्याच्यापुढे लेखकाने दहा चंद्र उगवले तरी ते आभाळातच राहतात.

मराठी कादंबरीच्या पहिल्या पिढीचे नेमके हेच झाले. लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची 'मुक्तामाला' १८६१ साली निघाली. काही वर्षांनी नारो सदाशिव रिसबूड ह्यांची 'मंजुघोषा' आली. आणि त्या धर्तीच्या अद्भुतरम्य कथांची एक रांगच लागली. ह्या लेखकांना हसणे सोपे आहे. मला ते आवडत नाही. मराठी गद्य लांब पल्ल्यावर चालविण्याची मेहनत त्यांनी केली. परंतु त्यांनी बाणाची लांबी उचलली आणि शाल्मली मागे ठेविली. त्यांचे उपवन कोणत्याही गावाच्या वेशीबाहेर लावता येते, त्यांचा वसंत कोणत्याही नायिकेच्या दारात येतो. एका कथेतील सरोवर काढून दुसरीत भरले तरी दोन्ही कथांना पत्ता लागत नाही, ही मी त्यांची परीक्षा मानतो. बाणाचे झाड असे हलविता येत नाही. ते उपटले तर पोपटाची कथाच कोसळते.

ह्यावर प्रतिक्रियाही तितकीच जोरकस झाली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' पत्र काढून त्यात 'पण लक्षांत कोण घेतो' क्रमशः छापण्यास आरंभ केला, तेव्हा यमूच्या त्या आत्मकथेत सृष्टीला जवळजवळ जागाच उरली नाही. ते योग्यच होते. माजघर, स्वयंपाकघर आणि बाळंतिणीची खोली ह्यांत जिचे आयुष्य गेले, तिच्या कथेत डोंगर कोठून यावेत? तिला दिसत नाही ते वाचकालाही दिसू नये, ह्यात हरिभाऊंची दृष्टि दिसते.

इंग्रजी शिकलेल्या माझ्यासारख्यास येथे हार्डी आठवल्याशिवाय राहत नाही. 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह' ही त्याची १८७८ सालची कादंबरी एका उजाड माळाच्या वर्णनाने सुरू होते, आणि त्या पहिल्या प्रकरणात एकही पात्र नाही. महाविद्यालयात असताना आम्ही ते प्रकरण परीक्षेपुरते वाचून बाजूस ठेवीत असू. माझे मत असे की ते प्रकरण पहिल्या वाचनात थोडे जडच जाते, आणि हार्डीच्या भक्तांनी ते कबूल करण्यास हरकत नसावी. त्याची किंमत पुढे भरून निघते. मुलाच्या दारातून माघारी फिरलेली म्हातारी आई उन्हाच्या तापात त्याच माळावरून एकटी चालत निघते, थकून बसते, आणि तिला साप चावतो. तेव्हा तो माळ किती मोठा आहे आणि त्यावर माणूस किती लहान दिसते, हे वाचकाला पुन्हा सांगावे लागत नाही.

आता आमच्या ह्या मुलुखाकडे येतो. इर्शाळच्या माथ्याजवळून निरभ्र दिवशी कर्नाळ्याचा सुळका ओळखू येतो : डोंगराच्या धारेवर अंगठा उभा करावा तसा काळ्या खडकाचा तो खांब. गो. नी. दांडेकरांनी १९६५ साली 'जैत रे जैत' लिहिली, ती ह्याच परिसरातील ठाकरांची कथा आहे. भगताचा मुलगा नाग्या ढोल वाजविण्यात रंगून जाणारा. लिंगोबाच्या डोंगरावर मधमाश्यांची पोळी लागलेली असतात. त्यांतील राणीमाशी नाग्याचा डोळा घेते. तो ती पोळी उतरविण्याची शपथ घेतो. चिंधी नावाची मानी मुलगी आपला नवरा सोडून त्याच्या सोबतीला येते. आणि डोंगरावरचे ते युद्ध जिंकले जाते तेव्हा चिंधी उरत नाही.

ह्या कथेत डोंगर किती ठिकाणी आहे ते मोजणे व्यर्थ आहे, कारण तो नाही असे ठिकाण दाखविणेच कठीण. तरी वाचक कोठे कंटाळल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ह्याचे कारण समजण्यासाठी थोडे माश्यांविषयी बोलले पाहिजे. आपण जिला आग्या माशी म्हणतो ती पेटीत किंवा ढोलीत राहणारी नव्हे. ती एकच मोठे पोळे उघड्यावर लोंबत बांधते. आणि त्यासाठी उंच कड्याच्या पुढे झुकलेल्या कपारीची खालची बाजू तिला फार मानवते, कारण तेथे पावसाचे पाणी लागत नाही आणि जनावरही पोहोचत नाही. ज्या कारणांनी ती जागा माशीला सोयीची, नेमक्या त्याच कारणांनी ती माणसाला घातकी. खालून चढावे तर कडा पुढे झुकलेला; वरून उतरावे तर दोरावर लोंबकळत, धुराच्या आधाराने, आणि पोळे उठले तर हात दोराला गुंतलेले. कर्नाळ्याच्या सुळक्यावर अशी पोळी आजही असतात, आणि जाणते लोक तेथे आवाजदेखील करीत नाहीत.

म्हणून ह्या कथेत कड्याची उंची सांगणे म्हणजे नाग्याच्या शपथेचे वजन सांगणे होय. कपार किती पुढे झुकली आहे हे वाचकाला कळल्याशिवाय तो काय बोलून बसला आहे हे कळत नाही. शिवाय डोंगर एकच असला तरी तो प्रत्येक वेळी निराळा दिसतो. लहानपणी तो देव असतो. डोळा गेल्यावर वैऱ्याचा वाडा होतो. चिंधी बरोबर आल्यावर त्याच वाटेवर दोघांची पावले पडतात. आणि अखेरीस तो जिंकूनही नाग्याच्या हाती काही राहत नाही. दांडेकर डोंगराचे वर्णन पुन्हा पुन्हा करितात हे खरे, पण दुसऱ्यांदा पाहणारा नाग्या पहिला राहिलेला नसतो. जब्बार पटेलांनी १९७७ साली ह्या कथेवर चित्रपट काढला. पडद्यावर डोंगर एका क्षणात सबंध उभा राहतो; ती सोय कादंबरीकाराला नाही. त्याला तो तुकड्यातुकड्यांनी, माणसाच्या गरजेप्रमाणे दाखवावा लागतो. मला वाटते ही उणीव नसून त्याचे भांडवल आहे.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ह्याहून कितीतरी कमी शब्दांत हेच साधते. माणदेशातील त्या धनगरवस्तीत गवत आणि पाऊस ह्यांपलीकडे सृष्टीचे काही मोजलेच जात नाही, कारण मेंढरे त्यांवरच जगतात. पाऊस हुलकावणी देतो आणि वाडी हळूहळू रिकामी होत जाते. तेथे मोकळ्या आभाळाविषयी एक साधे वाक्यदेखील वाचकाच्या पोटात गोळा आणते. निरभ्र आभाळ सुंदर आहे असे म्हणण्याची त्या पुस्तकात कोणाची छाती होणार नाही.

हे सर्व मी शिकवीत होतो त्या काळात माझ्या टेबलाच्या खणात एका कादंबरीचे हस्तलिखित पडून होते, हे येथे सांगितले पाहिजे. त्यात पावसाळ्यातील इर्शाळचे अकरा पानांचे वर्णन होते. लोधिवलीच्या ओसरीवर खुर्ची टाकून मी ते लिहिले होते आणि मित्रमंडळीत ते वाचून दाखविले म्हणजे वाहवा होई. सुळक्याला अडकलेले ढग, उतारावरून सुटलेल्या पांढऱ्या धारा, आणि कुशीतल्या वाडीची छपरे, चित्रात रंगाचे ठिपके टाकावे तशी. नायक हे सर्व गाडीच्या खिडकीतून पाहतो आणि पुढे जातो. पुढच्या तीनशे पानांत तो इर्शाळकडे पुन्हा वळत नाही.

चौकच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसणारी एक ठाकरीण त्या डोंगरावरून उतरून येत असे. मी तिच्याकडून शेवळे आणि कंटोली घेई. एकदा आषाढात मी कौतुकाने तिला म्हणालो की आज डोंगर काय सुंदर दिसतो आहे. तिने वळून पाहिले आणि टोपली आवरायला घेतली. सुळका ढगाने झाकला की ती उरलेली भाजी मिळेल त्या भावाला देऊन टाकी आणि वाट धरी, कारण आणखी तासाभराने वरच्या चढाचे दगड निसरडे होत आणि ओहोळ भरे. सुळका उघडा असेल तर दुपारपर्यंत बसे. जो ढग माझ्या अकरा पानांना शोभा देत होता, तो तिच्या त्या दिवसाच्या मिळकतीतले काही रुपये नेत होता. मी घरी येऊन ही गोष्ट वहीत टिपून ठेविली, पण हस्तलिखिताला हात लाविला नाही. वर्णन चांगले उतरले होते. मोह सुटला नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री, मोठ्या पावसात, इर्शाळचा उतार सुटून इर्शाळवाडीवर आला. लोक झोपेत होते. वर गाडीचा रस्ता नव्हता. मदत करणारे पायवाटेने चिखलातून चढले, आणि यंत्रे वर नेता न आल्यामुळे हातांनी माती उपसावी लागली. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसे सापडलीच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबविण्यात आला. ती भाजीवाली कोणत्या वाडीची हे मी तिला कधी विचारले नव्हते. त्या पावसाळ्यात व नंतरही ती बाजारात मला दिसली नाही; ती दुसऱ्या वाडीची असेल, किंवा दुसऱ्या बाजारी बसत असेल.

दिवाळीच्या सुटीत मी हस्तलिखित काढले. रंगाचे ठिपके ह्या शब्दांवर येऊन थांबलो आणि पुढे वाचवेना. शब्द खोटे नव्हते. लोधिवलीच्या ओसरीवरून छपरे तशीच दिसत. परंतु त्या ठिपक्यांत कोण निजते, त्याला त्या पावसात काय करावयाचे आहे, ह्याचा त्या अकरा पानांत कोठेही तपास नव्हता. ते वर्णन कथेला थांबवीत होते, हा त्याचा लहान दोष. ज्या ठिकाणी कथा होती तेथून वाचकाची नजर ते उचलून नेत होते, हा मोठा. दुर्घटनेनंतर त्यात भर घालून एक करुण प्रसंग उभा करण्याचा मोहही मला झाला, हे लपवीत नाही. तसे केले असते तर ती माणसे माझ्या वर्णनासाठी दुसऱ्यांदा वापरली गेली असती.

शेवटी मी आत्याची पद्धत घेतली. शिसपेनीने समासात उभी रेघ ओढीत गेलो. अकरा पानांपैकी साधारण अर्धे पान शिल्लक राहिले, आणि ते मूळचे नव्हे, वहीतले : बाजारात बसलेली एक बाई मागे वळून डोंगराकडे पाहते, सुळका दिसत नाही, ती टोपलीतली कंटोली मोजते आणि भाव उतरवते. नायकाची गाडी मी काढून टाकली. त्या जागी तो आता तिच्यापुढे उभा आहे आणि भाव आणखी कमी होईल म्हणून थांबला आहे. त्या ओळीच्या वर मी लहान अक्षरात लिहून ठेविले आहे, "येथून गोष्ट". पुढचे प्रकरण अजून लिहावयाचे आहे.